सुरू ऑर्डरींना धक्का न लावता साठ्याची आवर्ती मोजणी आणि फरकाची नोंद कशी करावी

नाशिक परिसरात सप्टेंबरच्या मध्यापासून द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचे वेध लागतात आणि ठिबकचे साहित्य विकणाऱ्या गोदामांमध्ये ऑर्डरींची रीघ लागते. नेमक्या याच काळात गोदाम दोन दिवस बंद ठेवून संपूर्ण साठा मोजणे कोणालाही परवडत नाही. आणि मोजला नाही, तर संगणकात असलेला माल रॅकवर नाही, हे दिंडोरीच्या दुकानदाराचा टेम्पो दारात उभा राहिल्यावरच कळते. यावरचा मार्ग म्हणजे रोज थोड्या वस्तू मोजत राहणे, ज्याला गोदामात सायकल काउंट म्हणतात. मोजणी तशी सोपी असते. बहुतेक गोंधळ होतो तो मोजलेला आकडा नोंदवताना, कारण रॅकवरच्या मालापैकी बराचसा कोणाला तरी आधीच कबूल केलेला असतो. म्हणून या लेखात मोजणीच्या वेळापत्रकाचा भाग थोडक्यात आणि फरकाच्या नोंदीचा भाग सविस्तर दिला आहे.

रोज किती वस्तू मोजाव्यात

वस्तूंचे उलाढालीच्या रकमेनुसार तीन वर्ग करावेत. समजा, गोदामात 600 प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांपैकी सर्वाधिक उलाढालीच्या 60 वस्तू दरमहा, मधल्या 150 वस्तू तीन महिन्यांतून एकदा आणि उरलेल्या 390 सहा महिन्यांतून एकदा मोजायच्या ठरवल्या, तर महिन्याला 60, 50 आणि 65 अशा एकूण 175 मोजण्या होतात. पंचवीस कामाचे दिवस धरले, तर रोज सात वस्तू येतात, आणि दोन माणसे पहिला टेम्पो लागण्याआधी त्या आरामात मोजू शकतात. याशिवाय एखाद्या वस्तूचा साठा जवळजवळ संपला असेल, तेव्हा वेळापत्रकात नसली तरी ती मोजून घ्यावी. पाच-सात नग मोजायला मिनिटही लागत नाही आणि चूक तिथे लगेच उघडी पडते.

मोजण्याआधीची तयारी

सकाळी मोजणीला हात लावण्यापूर्वी त्या सात वस्तूंची संगणकातील शिल्लक वेळेसह कागदावर घ्यावी. यापुढे तिला ‘सकाळची शिल्लक’ म्हणू. आदल्या दिवशी आलेल्या मालाची आवक नोंद आणि गेलेल्या मालाची चलने तोपर्यंत पूर्ण झालेली असली पाहिजेत. टेबलावर एखादे चलन पडून असेल, तर मोजणी थांबवावी, कारण नंतर निघणारा फरक मालाचा आहे की कागदाचा, हे सांगता येणार नाही. मोजणाऱ्याच्या हाती मात्र हा आकडा देऊ नये. त्याला फक्त वस्तूचे नाव, रॅकचा क्रमांक आणि मोजण्याचे एकक लिहिलेला कोरा तक्ता द्यावा. आकडा समोर असला की माणूस नकळत तिथपर्यंतच मोजतो.

ज्या रॅकची मोजणी चालू आहे, तिथे लाल पट्टी लावून तेवढ्या वस्तूची उचल वीस-पंचवीस मिनिटे थांबवावी. ऑर्डर थांबवू नये. त्याच ऑर्डरीतील बाकीच्या वस्तू तोवर काढता येतात. ग्रोमेट, जॉइनर यांसारखे बारीक नग शंभर नगांचे वजन घेऊन काट्यावर मोजले तरी चालतात, पण व्हॉल्व्ह आणि फिल्टर हाताने एकेक मोजावेत.

एक मोजणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामाचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे केले आहेत. वस्तू आहे 63 मिलिमीटरचा बॉल व्हॉल्व्ह. मंगळवारी सकाळी साडेआठची शिल्लक 240 नग. सुरू ऑर्डरी तीन आहेत: पिंपळगावच्या दुकानदाराचे 80, दिंडोरीचे 100 आणि निफाडचे 40. म्हणजे 220 नग कबूल केलेले आणि 20 मोकळे.

मोजणारा रॅकवरून परत आला आणि त्याने 148 लिहिले. 240 मधून 148 वजा करून 92 नगांची तूट धरणे ही पहिली आणि सर्वांत महागडी चूक. पिंपळगावचे 80 नग सोमवारी संध्याकाळीच रॅकवरून काढून दारापाशी, पाठवणीच्या जागेत, बांधून ठेवले होते. त्यांचे चलन झालेले नसल्याने संगणकाच्या दृष्टीने ते अजून गोदामातच होते. म्हणून मोजणी नेहमी तीन ठिकाणी करावी: रॅक, पाठवणीची जागा आणि परत आलेल्या मालाचा कोपरा. इथे 148 आणि 80 मिळून 228 होतात, परतीच्या कोपऱ्यात काही नाही, म्हणजे खरी तूट 12.

आता लगेच नोंद करण्याचा मोह आवरावा आणि आधी दुसऱ्या माणसाकडून फेरमोजणी करून घ्यावी. फेरमोजणीतही 12 चीच तूट आली, तर शेजारच्या वस्तू पाहाव्यात. 50 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हमध्ये तेवढेच नग जास्त निघाले, तर माल हरवलेला नसून चुकीच्या खणात गेलेला असतो किंवा चुकीच्या नावाने विकलेला असतो. पेटी आणि नग यांची गल्लतही तपासावी. दहाच्या पेटीची आवक ‘एक नग’ म्हणून पडली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, आणि ही खूण एकदा लक्षात राहिली की शोध पाच मिनिटांत संपतो. आपल्या उदाहरणात असे काही सापडले नाही, पण चौकशीत कळले की दोन व्हॉल्व्ह गळके निघाल्यामुळे एका शेतकऱ्याला बदलून दिले होते आणि त्याची नोंद राहून गेली होती. ते दोन नग ‘बदली’ म्हणून त्यांच्या खऱ्या कारणाने नोंदवावेत. समायोजन फक्त उरलेल्या, कारण न सापडलेल्या 10 नगांचे करावे. सगळा फरक एकाच नोंदीत ढकलला, तर पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा होते आणि ती कोणाला दिसतही नाही.

नोंद फरकाची करावी, आकड्याची नव्हे

ही सगळी चौकशी होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. मधल्या काळात, अकरा वाजता, पिंपळगावचा टेम्पो 80 नग घेऊन गेला आणि त्याचे चलन झाले, त्यामुळे संगणकातील शिल्लक 160 झाली. या क्षणी सकाळचा मोजलेला 228 हा आकडा शिल्लक म्हणून भरला, तर गेलेले 80 नग कागदावर पुन्हा जन्माला येतात, मोकळा साठा 88 दिसतो आणि विक्रीचा माणूस नसलेला माल चौथ्याला कबूल करून बसतो. याउलट कोणी सकाळीच घाईने रॅकवरचे 148 भरले असते, तर पिंपळगावच्या चलनानंतर शिल्लक 68 झाली असती, उरलेल्या दोन ऑर्डरींना 72 नग कमी दिसले असते आणि कोणीतरी दिंडोरीला फोन करून ‘माल नाही’ असे सांगितले असते, तेव्हा रॅकवर 148 नग सुखाने बसलेले असते.

योग्य नोंद दिवसभरात कधीही केली तरी तीच राहते: उणे 2 बदलीचे आणि उणे 10 समायोजनाचे. 160 मधून 12 गेले की 148 उरतात, आणि रॅकवरही 148 आहेत. कबूल केलेले आता 140 (दिंडोरी 100, निफाड 40), म्हणजे मोकळे 8. तूट पूर्णपणे मोकळ्या साठ्यातून गेली आणि एकाही ऑर्डरीला हात लागला नाही.

टॅली वापरणाऱ्यांनी इथे एक भेद ध्यानात ठेवावा. `Physical Stock` हे व्हाउचर तुम्ही भरलेला आकडाच शिल्लक म्हणून ठरवते, तर `Stock Journal` मध्ये फक्त फरकाचे नग टाकता येतात. कमी पडलेले नग त्याच्या `Source (Consumption)` बाजूला लिहावेत. दिवसभर माल हलत असलेल्या गोदामात मी दुसरेच व्हाउचर वापरावे असे सांगेन. शिवाय टॅलीत `Sales Order` भरल्याने शिल्लक कमी होत नाही, म्हणून कबूल केलेले नग प्रलंबित ऑर्डरींच्या अहवालातून वेगळे काढून शिलकेतून वजा करावे लागतात.

तूट मोकळ्या साठ्यापेक्षा जास्त असेल तेव्हा

समजा, तूट 12 ऐवजी 25 निघाली असती. मग टेम्पो गेल्यावर 135 नग उरले असते आणि कबूल केलेले 140, म्हणजे पाच नग कोणाला तरी कमी पडणार. काही प्रणाली अशी नोंद स्वीकारतच नाहीत. काही ती मुकाट्याने स्वीकारतात आणि कोणत्या तरी ऑर्डरीचे नग स्वतःच काढून घेतात, जे जास्त धोक्याचे. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी ऑर्डरीचा निर्णय आणि मग तुटीची नोंद. सर्वांत उशिराची पाठवणी कोणाची आहे, ते पाहावे. निफाडचा माल शनिवारी जायचा असेल आणि कंपनीकडून नवे व्हॉल्व्ह गुरुवारी येणार असतील, तर निफाडच्या 40 पैकी पाच नगांचे आरक्षण सोडून ते येणाऱ्या मालावर टाकावे. निफाडच्या तारखेला धक्का लागत नाही. येणारा माल नसेल, तर दुकानदाराला फोन करून ‘35 शनिवारी आणि पाच पुढच्या आठवड्यात’ असे ठरवून घ्यावे. तुटीची नोंद त्यानंतरच करावी. आधीच बांधून ठेवलेल्या मालातून नग काढून भरपाई करणे मात्र टाळावे. बांधलेली पेटी एकदा फोडली की पावती आणि पेटी यांचा मेळ राहत नाही.

माल जास्त निघाला, तर उलट दिशेने सावध राहावे. बहुतेक वेळा आवकेचे एखादे बिल नोंदवायचे राहिलेले असते. वाढीव नग आज समायोजनाने चढवले आणि उद्या ते बिल नोंदले, तर तोच माल दोनदा जमा होतो. म्हणून वाढ सापडल्यावर एक दिवस थांबावे, येणे असलेल्या खरेदीच्या ऑर्डरी पुरवठादाराच्या चलनांशी ताडून पाहाव्यात आणि तोवर ते नग कोणालाही कबूल करू नयेत.

नोंदीसोबतचा कागद

प्रत्येक समायोजनावर मोजणाऱ्याची, फेरमोजणी करणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची सही असावी, आणि मंजुरी देणारा मोजणाऱ्यांपैकी नसावा. तुटीची रक्कम हिशेबनिसाकडे महिन्याच्या महिन्याला जायला हवी, कारण केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 17(5)(ज) नुसार, म्हणजे इंग्रजी प्रतीतील कलम 17(5)(h) नुसार, हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट मिळत नाही आणि ती परत करावी लागते. बदली आणि समायोजन वेगळे नोंदवण्याचे हे आणखी एक कारण.

शेवटचे काम दुसऱ्या दिवशी सकाळचे. ज्या वस्तूत फरक निघाला, तेवढीच पुन्हा मोजावी आणि त्या वेळच्या शिलकेशी ताडावी. उदाहरणातील व्हॉल्व्ह बुधवारी सकाळी 148 च भरले, तर लाल पट्टी काढून दिंडोरीचे 100 नग उचलायला मोकळीक द्यावी.