लर्निंग कर्व्हवरून मजुरी काढताना या चुका टाळा

नवीन उत्पादनाच्या मजुरीचे हिशेब मी बरीच वर्षं तपासतोय. सूत्र हल्ली सगळ्यांना पाठ असतं, एक्सेलही येतं, तरी चुका त्याच त्या. कारण बहुतेक जण सूत्रातून आकडा बाहेर पडला की तो आकडा कशाचा आहे, हे पाहायला थांबतच नाहीत.

म्हणून आधी तेच. एकूण उत्पादन दुप्पट झालं की आतापर्यंतच्या सगळ्या उत्पादनाची सरासरी वेळ ठरावीक टक्क्यांवर येते. १९३६ मध्ये थिओडोर राइट यांनी विमानबांधणीच्या खर्चावरून मांडलेला नियम तो हाच. कर्व्ह ८० टक्के म्हणजे सरासरी ८० टक्क्यांनी घटत नाही, ८० टक्क्यांवर येते. आणि तीही प्रत्येक बॅचला नाही, प्रत्येक दुपटीला.

संचयी सरासरीला पुढच्या बॅचची वेळ समजणं

ही माझ्या हातून झालेली चूक, म्हणून ती सविस्तर सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे कंट्रोल पॅनेलचं नवीन काम आलं. दहा पॅनेलची एक बॅच. पहिल्या बॅचला ५०० तास लागले, कर्व्ह ८० टक्के. चार बॅचेस देऊन झाल्यावर ग्राहकाने आणखी चार बॅचेसचं कोटेशन मागितलं. मी एकूण आठ बॅचेसची सरासरी काढली, २५६ तास आली. तिला चारने गुणलं, १,०२४ तास. ताशी २०० या दराने मजुरी २,०४,८०० लिहिली आणि कागद पुढे सरकवला.

कोटेशन गेलं. ऑर्डर आली नाही. नंतर शॉपवरच्या फोरमननी तो कागद पाहिला आणि जॉब कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "अरे, चौथी बॅच आम्ही २२७ तासांत काढली. मग पुढच्या प्रत्येक बॅचला २५६ तास कसे धरलेस? माणसं काम विसरणार आहेत का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सूत्राने दिलेले २५६ तास पहिल्या बॅचपासून आठव्यापर्यंतची सरासरी होती. तिच्यात पहिल्या बॅचचे ५०० तासही मिसळलेले होते, आणि त्यांचा खर्च आधीच होऊन गेलेला होता. खरा हिशेब असा मांडायला हवा होता:

| एकूण बॅचेस | सरासरी तास | एकूण तास |
|---|---|---|
| १ | ५०० | ५०० |
| २ | ४०० | ८०० |
| ४ | ३२० | १,२८० |
| ८ | २५६ | २,०४८ |

पुढच्या चार बॅचेसचे तास म्हणजे २,०४८ वजा १,२८०, म्हणजे ७६८. मजुरी १,५३,६००. मी ५१,२०० जास्त लिहिले होते.

तेव्हापासून तिसरा रकाना भरल्याशिवाय मी कोटेशनला हात लावत नाही. आधी एकूण तास, मग वजाबाकी, मगच दर. आणि निघालेला आकडा शेवटच्या बॅचच्या जॉब कार्डाशी ताडून पाहतो. काम शिकण्याचा टप्पा चालू असताना पुढची बॅच मागच्या बॅचपेक्षा जास्त वेळ खात असेल, तर गडबड कागदावर आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि घाईवाले नेमकी तीच गाळतात.

शिकणं थांबल्यावरही सरासरीच पुढे चालवणं

ही त्याच चुकीची बहीण, पण जास्त महाग पडते, कारण ती वर्षभराच्या बजेटमध्ये शिरते. समजा आठव्या बॅचनंतर वेग स्थिरावला, आता त्याहून वेगाने काम होणार नाही. मग नवव्या बॅचपासून स्टँडर्ड किती ठेवायचं? दहातले आठ जण २५६ लिहितात. खरं म्हणजे इथून पुढे प्रत्येक बॅचला आठव्या बॅचला लागले तेवढेच तास लागणार. ते काढायला सातव्या बॅचपर्यंतचे एकूण तास हवेत:

```
=500*7^(LOG(0.8)/LOG(2))
```

ही सरासरी २६७.२ येते, तिला सातने गुणून एकूण सुमारे १,८७०.७ तास. २,०४८ मधून ते वजा केले की आठवी बॅच १७७.३ तासांची निघते. स्टँडर्ड हेच. २५६ ठेवलंत तर दर महिन्याला मजुरीत भरघोस अनुकूल तफावत दिसेल आणि कोणीही काही वेगळं न करता शॉपची पाठ थोपटली जाईल. मग कधीतरी काम खरंच ढिलं पडेल, बॅचला २२० तास लागतील, आणि तेही अहवालात अनुकूलच दिसेल. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

याच वजाबाकीत आणखी एक खड्डा आहे. दोन मोठ्या आकड्यांतला फरक काढायचा असतो, त्यामुळे मधेच पूर्णांक केलेत तर उत्तर बिघडतं. दर पॅनेलची सरासरी २६.७ ऐवजी २७ आणि २५.६ ऐवजी २६ धरा: १,८९० आणि २,०८० तास, फरक १९०. एका बॅचमागे जवळजवळ १३ तास केवळ आकडे गोल केल्यामुळे वाढले. मी शेवटच्या ओळीपर्यंत काहीही गोल करत नाही.

बॅच आणि नग यांची सरमिसळ

पहिल्या दहा पॅनेलची सरासरी दर पॅनेल ५० तास. आता वीस पॅनेलचा हिशेब करताना काही जण सूत्रात ५० आणि २० घालतात. उत्तर येतं १९ तास! सूत्रातला पहिला आकडा पहिल्या एककाचा असतो. ५० तास ही पहिल्या बॅचची सरासरी असेल तर एकक बॅच, आणि वीस पॅनेल म्हणजे दोन बॅचेस. उत्तर ४० तास. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात "एकक: १० पॅनेलची बॅच" एवढं लिहून ठेवा, मी आजही लिहितो.

बाकीच्या, थोडक्यात

सूत्रात ०.८ ऐवजी ८० घातलं की वेळ कमी होण्याऐवजी अफाट वाढते. निदान ही चूक लगेच दिसते.

बॅच २, ३ आणि ४ ला ४००, ३२०, २५६ अशी ओळ लावू नका. चौथ्या बॅचपर्यंत दोनच दुपटी झालेल्या असतात, म्हणून तिथली सरासरी ३२०.

प्रत्यक्ष आकड्यांवरून टक्केवारी काढतानाही तेच. पहिल्या बॅचला ५०० आणि चार बॅचेसची सरासरी ३२०, म्हणजे गुणोत्तर ०.६४. कर्व्ह ६४ टक्के नाही. दोन दुपटी आहेत, वर्गमूळ घ्या, ८० टक्के येईल.

कर्व्ह कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारल्याशिवाय दुसऱ्याची टक्केवारी उचलू नका. दुसऱ्या पद्धतीत ८० टक्के संचयी सरासरीला नाही, त्या त्या एककाच्या वेळेला लागतात. आपल्या उदाहरणात संचयी सरासरीने दुसरी बॅच ३०० तासांची येते, त्या पद्धतीने ४००.

मटेरियलला कर्व्ह लावू नका. यंत्राच्या वेगाने चालणारे तासही आधी बाजूला काढा, कारण माणूस कितीही सरावला तरी यंत्र आपल्याच गतीने चालतं. मधे काम दीर्घकाळ बंद राहिलं असेल किंवा हात बदलले असतील, तर जुन्या टेबलावरून पुढची ओळ वाचू नका. नव्याने सुरू झालेल्या पहिल्या बॅचचं जॉब कार्ड येऊ द्या, तिला प्रत्यक्षात किती तास लागले ते पाहा, आणि टेबलातल्या कोणत्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची ते त्यावरून ठरवा.