उद्देशावरचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

फौजदारी कायद्याच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की पहिलं पान बहुतेक वेळा वाचावंच लागत नाही. गुन्ह्याला ॲक्टस रियस म्हणजे दोषी कृत्य लागतं, मेन्स रिया म्हणजे दोषी मन लागतं, दोन्ही एकत्र लागतात, मग एक लॅटिन वाक्य (निम्म्या वेळा स्पेलिंग चुकलेलं), मग व्याख्या. आरोपी दुसऱ्या पानावर उगवतो. प्रश्नात कुणीतरी मेलेलं असतं आणि उत्तरात तत्त्वज्ञान चाललेलं असतं. पण याला मी फार गुण कापत नाही, नुसता वैतागतो. गुण खऱ्या अर्थाने जातात ते उद्देशावर आल्यानंतर, आणि तिथे सगळ्यांचा पाय एकाच दगडाला लागतो.

तो दगड म्हणजे वूलिन. 1998 चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निर्णय. बापाने रागाच्या भरात तीन महिन्यांच्या बाळाला फेकलं, बाळ कठीण पृष्ठभागावर आपटलं आणि गेलं. बाळाला मारायचं होतं असं सरकारी पक्षाचंही म्हणणं नव्हतं. मग प्रश्न असा उरला की जे घडावं अशी इच्छा नव्हती, पण जे घडणार हे दिसत होतं, त्याला उद्देश म्हणायचं का? त्यावर उत्तर आलं की मृत्यू किंवा जबर दुखापत जवळजवळ अटळ होती आणि आरोपीला ते कळलेलं होतं, या दोन्ही गोष्टींची खात्री पटली तरच ज्युरीला उद्देश होता असं ठरवता येईल. खालच्या न्यायाधीशाने ज्युरीला 'मोठा धोका' पुरेसा असल्यासारखं सांगितलं होतं. म्हणून खुनाची शिक्षा गेली आणि मॅनस्लॉटर, म्हणजे खुनाहून हलका मनुष्यवधाचा गुन्हा, राहिलं.

निकाल सुंदर आहे, लक्षात राहतो, आणि म्हणूनच सगळे तो कुठेही वापरतात. एका सराव परीक्षेत मी प्रश्न दिला होता: जुन्या भांडणातून एकजण सुरा घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो, 'आज तुला संपवतो' म्हणतो आणि छातीत तीन वार करतो. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीने यावर चार पानं लिहिली. मोलोनी, नेड्रिक, वूलिन, उद्देशावरचे सगळे खटले सालांसकट. मृत्यू जवळजवळ अटळ होता का, छातीतल्या वारानंतर लोक वाचतातही, आरोपीला शरीररचनेचं ज्ञान होतं का, अशी चर्चा करत करत ती शेवटी 'उद्देश सिद्ध होणं कठीण आहे' या निष्कर्षाला पोचली. माणूस तोंडाने सांगतोय की मला मारायचं आहे, आणि हिने त्याला जवळपास सोडून दिला! पेपर परत देताना मी विचारलं, 'अगं, त्याला काय हवं होतं?' ती म्हणाली, 'मारायचं होतं.' मग हे एक वाक्य चार पानांत कुठेच का नाही?

ज्याला परिणाम हवाच आहे, त्याच्या बाबतीत तो परिणाम किती संभाव्य होता हे विचारायचंच नसतं. लांबून, नेम चुकण्याचीच शक्यता जास्त असताना गोळी झाडली आणि ती लागली, तरी मारण्यासाठी झाडली असेल तर उद्देश आहेच. मोलोनीमध्ये 1985 साली लॉर्ड ब्रिज यांनी हेच बजावलं होतं: उद्देशाचा अर्थ न्यायाधीशाने फोडून सांगत बसू नये, ते ज्युरीच्या समजुतीवर सोडावं, विशेष गरज पडली तरच पुढे जावं. म्हणजे वूलिन हा अपवादाचा रस्ता आहे. नोट्सच्या शॉर्टकटमध्ये मात्र उद्देशाच्या शीर्षकाखाली पहिलं नाव वूलिनचं असतं. त्या नोट्स कोण बनवतं देव जाणे.

माझी सवय सांगतो. पद्धत वगैरे नाही, सवयच. कच्च्या कागदावर एक वाक्य लिहायचं: 'आरोपीला अमुक घडवून आणायचं होतं.' त्या 'अमुक'च्या जागी गुन्ह्यातला परिणाम बसला तर प्रत्यक्ष उद्देश. पुरावा दाखवायचा, दोन-तीन वाक्यांत संपवायचं, पुढे जायचं. बसला नाही तरच वूलिन उघडायचं.

आता एक उदाहरण पूर्ण करू. एका कंत्राटदाराला प्रतिस्पर्ध्याचं काम लांबवायचं आहे. तो इमारतीच्या गच्चीवर जाऊन परांचीचे दोर कापतो. चौथ्या मजल्याच्या उंचीवर एक रंगारी उभा आहे, कमरेला पट्टा नाही, खाली काँक्रीट. कंत्राटदाराने कापण्याआधी वाकून खाली पाहिलं आहे. परांची कोसळते, रंगारी मरतो. इंग्लिश कायद्यानुसार खून होतो का?

ॲक्टस रियस दोन वाक्यांत: दोर कापले, त्यामुळे परांची पडली, त्यामुळे माणूस मेला, मध्ये दुसऱ्या कुणाचा हात नाही. इथे वाद नाही, म्हणून इथे पान घालवायचं नाही. मग खुनाला नेमकी कोणती मेन्स रिया लागते ते लिहायचं: मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा उद्देश. 'किंवा'नंतरचं निम्मे लोक विसरतात, आणि तेच सरकारी पक्षाला सोपं पडतं.

मग आपलं वाक्य. त्याला काय घडवून आणायचं होतं? काम लांबवायचं होतं. रंगारी चमत्काराने खरचटण्यावर वाचला असता तर आपला बेत फसला असं याला वाटलं असतं का? नाही. म्हणजे प्रत्यक्ष उद्देश नाही. आता वूलिन, आणि दोन प्रश्न वेगवेगळे. पहिला वस्तुस्थितीचा: चौथ्या मजल्यावरून काँक्रीटवर पडणाऱ्याला जबर दुखापत जवळजवळ अटळ होती का? होती. दुसरा याच्या डोक्यातला: याला ते कळलं होतं का? इथे वाकून पाहिल्याचा तपशील कामाला येतो. प्रश्न काढणाऱ्याने तो उगाच टाकलेला नसतो.

आणि इथेच 'कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं' असं लिहून लोक मोकळे होतात. ते पुरेसं नाही. इंग्लंडच्या 1967 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम 8 सांगतं की परिणाम स्वाभाविक होता एवढ्यावरून आरोपीला तो दिसला होता असं मानायला न्यायालय बांधील नाही. सगळा पुरावा पाहून ठरवायचं. शहाण्या माणसाला दिसलं असतं हा पुरावा झाला, निष्कर्ष नव्हे. समजा कंत्राटदार म्हणतो, 'मला वाटलं तो दोराला धरून राहील.' हे खोटं वाटतं, पण उत्तरात घ्यायचं. ज्युरीने ते खरं मानलं, किंवा ते खरं असू शकेल अशी रास्त शंका राहिली, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येतं आणि त्याबरोबर खूनही जातो. मग बेकायदा आणि धोकादायक कृत्यातून झालेलं मॅनस्लॉटर उरतं. आणि रंगारी खाली उतरताना त्याने पाहिला होता, पण तो गुपचूप परत चढला, अशी वस्तुस्थिती असती तर वूलिनचा प्रश्नच तिथल्या तिथे संपला असता.

शेवटचं वाक्य लिहितानाही घाई नको. दोन्ही उत्तरं 'हो' आली तर ज्युरीला उद्देश होता असं ठरवता येतं. ठरवावंच लागतं असं नाही. पोहता न येणाऱ्या तरुणाला पुलावरून नदीत टाकल्याच्या मॅथ्यूज आणि ॲलेन खटल्यात अपील न्यायालयाने 2003 मध्ये म्हटलं की हा पुराव्याचा नियम आहे, उद्देशाची व्याख्या नाही; मात्र अशा वस्तुस्थितीत दोन्हींत फारसा फरक उरत नाही हेही त्यांनीच कबूल केलं. एवढं लिहिलं तरी तपासणारा सुखावतो.

हे सगळं इंग्लिश कायद्याचं झालं. भारतीय न्याय संहितेवरच्या प्रश्नात हेच जसंच्या तसं उतरवणं हा या चुकीचाच जुळा भाऊ. तिथे उद्देश आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिलेल्या आहेत. कलम 101 च्या चौथ्या खंडात, कृत्य इतकं निकट धोक्याचं आहे की त्यातून मृत्यू बहुधा होणारच, ही जाणीव असताना जोखीम घ्यायला काही सबब नसेल तर खून होतो. म्हणजे आपल्या कंत्राटदारासाठी जाणिवेला ओढूनताणून उद्देश बनवायची गरजच नाही. सरळ त्या खंडाखाली बसतो का ते पाहायचं, नाही तर खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाचं कलम 105 आहे. आणि तिसऱ्या खंडासाठी विरसा सिंग, 1958: ती विशिष्ट इजा करण्याचा उद्देश होता का हे आरोपीच्या मनाचं, आणि ती इजा निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती का हे वस्तुस्थितीचं. दुसऱ्या भागात आरोपीला काय वाटत होतं ते विचारायचं नाही. ही अदलाबदल मी इतक्यांदा पाहिली आहे की आता लाल पेनाने नुसता बाण काढतो.

दुसरी चूक वेळेची. मुलं उद्देश शोधतात, कृत्य शोधतात, आणि दोन्ही एकाच क्षणी होते का हे पाहायचं विसरतात. थाबो मेलीमध्ये आरोपींनी माणसाला डोक्यात मारलं, मेला समजून कड्यावरून खाली टाकलं, आणि तो खरा मेला खाली, थंडीवाऱ्यात उघडा पडून. मारायचा उद्देश होता तेव्हा तो मेला नाही. मेला तेव्हा, त्यांच्या समजुतीप्रमाणे, ते प्रेताची विल्हेवाट लावत होते. प्रिव्ही कौन्सिलने 1954 मध्ये बेत एकच होता म्हणून त्याचे तुकडे पाडायला नकार दिला. फेगनचा मामला उलटा: गाडी आधी पोलिसाच्या पायावर चढली, समजा नकळत, आणि मग कळूनही त्याने ती हलवली नाही. तिथे कृत्यच चालू धरलं गेलं, मन मागाहून आलं तरी चाललं. यासाठी मी समासात एक उभी रेघ मारतो: डावीकडे काय केलं, उजवीकडे त्या क्षणी मनात काय होतं. रेघेच्या दोन्ही बाजू समोरासमोर आल्या नाहीत तर या दोन खटल्यांपैकी एक लागणार हे समजायचं. रेघ मारायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढाही धीर नसलेले लोक पुरवण्या मात्र मागतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. हेतू चांगला होता म्हणून उद्देश नाही, असं लिहू नका. वेदना थांबाव्यात म्हणून प्राणघातक इंजेक्शन देणाऱ्याचाही मारण्याचा उद्देश असतो. नेम एकावर आणि लागलं दुसऱ्याला, तर उद्देश त्याच्यासोबत जातो, पण गुन्ह्याचा प्रकार तोच असेल तरच: लॅटिमरच्या पट्ट्याचा तडाखा चुकून भलत्या स्त्रीला बसला तरी तो दोषी ठरला, पेंब्लिटनने माणसांवर भिरकावलेला दगड खिडकीला लागला आणि नुकसानीचा दोष टिकला नाही. आणि आरोपी प्यालेला होता एवढ्यावर उद्देश गायब करू नका. इंग्लिश कायद्यात प्रश्न 'त्याला उद्देश धरता आला असता का' असा नसून 'त्याने धरला होता का' असा असतो, आणि नशेत धरलेला उद्देशही उद्देशच असतो.