‘आणि त्यांचं काय?’ : पळवाट कुठली, रास्त सवाल कुठला? या चुका टाळा

वादात कोणी ‘आणि त्यांचं काय?’ म्हटलं की समोरून लगेच ‘हा व्हॉटअबाउटिझम झाला’ असा शिक्का बसतो आणि बोलणं तिथेच खुंटतं. पुष्कळदा शिक्का बरोबरही असतो. पण कधीकधी तोच सवाल अगदी योग्य असतो, कारण ‘नियम आहे ना, मग तो सगळ्यांना सारखा लावा’ एवढीच मागणी त्यात असते. शब्द दोन्हीकडे तेच असल्यामुळे नुसत्या शब्दांवरून फरक कळत नाही. विचारणाऱ्याला या सवालातून नेमकं काय सिद्ध करायचं आहे, ते पाहावं लागतं.

‘तूही तेच केलंस, मग मला काय शिकवतोस?’ या उत्तराला तर्कशास्त्रात ‘टू क्वोक्वे’ म्हणतात. व्हॉटअबाउटिझम त्याचाच भाऊबंद आहे. तिथे बोट आरोप करणाऱ्याकडेच जाईल असं नाही, तिसऱ्याकडे किंवा भलत्याच विषयाकडेही जातं. दोन्हींत खोट एकच: दुसऱ्याची चूक दाखवल्याने आपली चूक झालीच नव्हती असं होत नाही. मात्र दुसऱ्याच्या वागण्यावरून नियमाचा खरा अर्थ काय, किंवा शिक्षा समान आहे का, हे ठरू शकतं. बहुतेक गोंधळ या दोन गोष्टींची सरमिसळ केल्याने होतो.

चूक पहिली: सवाल ऐकताच शिक्का मारणं

याचं सर्वांत चांगलं उदाहरण न्यूरेंबर्गच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या, खटल्यात आहे. जर्मन नौदलाचे प्रमुख कार्ल डोनिट्झ यांच्यावर अनेक आरोप होते. त्यांतला एक असा, की त्यांच्या पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं इशारा न देता बुडवली. 1936 च्या लंडन करारानुसार पाणबुडीने व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरच्या माणसांना सुरक्षित जागी पोहोचवणं बंधनकारक होतं. जहाजाने थांबायला सतत नकार दिला किंवा प्रतिकार केला तरच अपवाद.

डोनिट्झ यांचे वकील ओटो क्रांझब्यूलर हे स्वतः नौदलातले न्यायाधिकारी होते. अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांना लेखी प्रश्न पाठवण्याची परवानगी त्यांनी न्यायालयाकडे मागितली. सरकारी पक्षाने हरकत घेतली: अमेरिकेने काय केलं याचा इथे संबंध काय? क्रांझब्यूलर यांच्या उत्तरात सगळी मेख आहे. ‘अमेरिकेनेही कायदा मोडला, म्हणून आम्हाला सोडा’ असं ते म्हणाले नाहीत. अमेरिकेने कायदा मोडला असं आमचं म्हणणंच नाही. तिने कायदा पाळला, आणि तिने जे केलं त्यावरून त्या काळी कायद्याचा अर्थ काय घेतला जात होता हे दिसतं, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे त्यांचा सवाल नियमाच्या अर्थाबद्दल होता.

न्यायालयाने परवानगी दिली. अमेरिका युद्धात उतरली त्या पहिल्या दिवसापासून पॅसिफिकमध्ये तिचं अनिर्बंध, म्हणजे इशारा न देता जहाजं बुडवण्याचं, पाणबुडी युद्ध चालू होतं, असं निमिट्झ यांनी लेखी कळवलं. डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्यामधल्या स्कागेराक सामुद्रधुनीत दिसेल ते जहाज बुडवावं, हा 8 मे 1940 रोजी जाहीर झालेला ब्रिटिश नौदलाचा आदेशही नोंदीवर आला.

निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. न्यायालयाने पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याचा ठपका पुसून टाकला नाही. तटस्थ देशांची जहाजं इशाऱ्याविना बुडवणं हा भंगच ठरला. पण ब्रिटिश आदेश आणि निमिट्झ यांची उत्तरं लक्षात घेऊन, डोनिट्झ यांची शिक्षा या भंगाच्या आधारे ठरवलेली नाही, असं निकालात स्पष्ट लिहिलं गेलं. त्यांना 10 वर्षांची कैद झाली ती इतर कारणांसाठी.

म्हणजे रास्त सवालाची पोच कुठवर, तेही इथे दिसतं. ‘घडलं का?’ या प्रश्नाचं उत्तर तसंच राहिलं. बदलला तो ‘त्यासाठी शिक्षा किती?’ याचा हिशोब. सुरुवातीलाच ‘हे टू क्वोक्वे आहे’ म्हणून दार लावून घेतलं असतं, तर आरोप करणाऱ्या देशांनीही तेच केलं होतं ही गोष्ट विचारात न घेताच शिक्षा ठरली असती.

चूक दुसरी: त्या सवालातून निर्दोषत्व काढणं

आता उलट बाजू. 16 एप्रिल 1993 रोजी बोस्नियातल्या अहमिची या गावावर क्रोएट सैन्याने पहाटे हल्ला केला. शंभराहून अधिक मुस्लिम नागरिक मारले गेले. त्यांत बायका आणि मुलंही होती. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात या हल्ल्यासाठी कुप्रेश्किच आडनावाच्या तिघांवर आणि इतरांवर खटला चालला, तेव्हा त्याच परिसरात मुस्लिम सैन्याने क्रोएट नागरिकांवर कसे हल्ले केले, हे दाखवण्याचा बचाव पक्षाचा प्रयत्न होता.

जानेवारी 2000 च्या निकालात न्यायाधिकरणाने हा बचाव साफ फेटाळला. कारण असं दिलं, की नागरिकांना न मारण्याचं बंधन हा दोन पक्षांमधला देवाणघेवाणीचा करार नाही. व्यवहारात एकाने माल दिला नाही तर दुसरा पैसे अडवू शकतो. इथे तसं चालत नाही. हे बंधन समोरच्या सैन्यासाठी नसून त्या नागरिकांसाठी असतं, आणि दुसऱ्या गावात कोणी काय केलं यात अहमिचीतल्या मुलांचा काही हात नव्हता.

या खटल्यातल्या तीन कुप्रेश्किचांना 2001 मध्ये अपिलात सोडण्यात आलं. तेही समोरच्यांनी काय केलं म्हणून नाही, तर या तिघांविरुद्धचा पुरावा पुरेसा आणि भरवशाचा नव्हता म्हणून. निर्दोष सुटण्याचा रस्ता ‘यांनी केलं का?’ या मूळ प्रश्नातूनच गेला.

म्हणून सवाल आला की त्याचं वाक्य मनात पूर्ण करून पाहा. ‘त्यांनीही केलं, म्हणून मी केलंच नाही’ किंवा ‘म्हणून मला कोणी विचारूच नये’ असा शेवट होत असेल तर ती पळवाट आहे. ‘त्यांनाही तसंच वागू दिलं गेलं, म्हणून नियम तुम्ही सांगता तसा नाही’ किंवा ‘म्हणून दंड सारखा लावा’ असा शेवट असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

चूक तिसरी: तुलना जुळते का, हे न तपासणं

हीच कसोटी सोसायटीच्या सभेत लावून बघू. समजा, एका सभासदाकडे मेंटेनन्सचे 18,000 रुपये थकले आहेत. सेक्रेटरीने त्यावर व्याज लावून नोटीस पाठवली. सभासद सभेत म्हणतो, ‘चेअरमननी गच्चीवर शेड टाकलीय, त्याचं काय?’ शेड बेकायदा असेलही. पण थकबाकीचा नियम आणि गच्चीचा नियम वेगळे; शेड पाडली तरी 18,000 बाकीच राहतात. ही पळवाट.

त्याऐवजी तो असं म्हणाला तर? ‘302 नंबरकडे माझ्याहून जास्त बाकी आहे, तीही माझ्याआधीपासून. त्यांना नोटीस नाही, व्याज नाही. मला कोणत्या ठरावाने लावलं?’ इथे नियम तोच, थकबाकीही त्याच जातीची आणि निर्णय घेणारी कमिटीही तीच. हा रास्त सवाल आहे. कमिटीने ‘तुम्ही विषय बदलताय’ म्हणून तो उडवून लावला तर चूक कमिटीची.

पण तुलना अजून थोडी खोदावी. 302 ने कमिटीकडून हप्ते बांधून घेतले असतील आणि तो ते वेळेवर भरत असेल, तर फरकाला कारण आहे, आणि कमिटीने ते कागदावर दाखवावं. तसं काहीच नसेल, तर व्याज दोघांना लावावं किंवा दोघांना माफ करावं. मूळ 18,000 मात्र दोन्ही परिस्थितींत भरायचेच. क्रांझब्यूलर यांच्या सवालाची पोच जेवढी होती, तेवढीच इथेही.

चूक चौथी: ‘तेव्हा कुठे होतात?’ हे कोणालाही विचारणं

‘तेव्हा कुठे गेला होता तुमचा धर्म?’ हा सवाल मराठी माणसाच्या जिभेवरच असतो, आणि तो चुकीच्या जागी सर्वांत जास्त फेकला जातो. तो कोणाला विचारतो आहोत हे महत्त्वाचं. सगळ्यांना समान वागवणं हे ज्याचं कामच आहे, त्या कमिटीला, न्यायालयाला, पंचाला किंवा सरकारला तो विचारता येतो. त्यांची आधीची गप्प बसण्याची पद्धत हा त्यांच्या कामातला दोष असतो. एखादा रहिवासी आज पाण्याच्या गळतीबद्दल बोलला, तर मागच्या वर्षी तो पार्किंगबद्दल का बोलला नाही हा त्याचा प्रश्न आहे. गळती त्यामुळे खोटी ठरत नाही.

बोलणाऱ्याचं स्वतःचं वागणं क्वचितच पुरावा ठरतं. तंबाखू खाणारा डॉक्टर तंबाखू वाईट म्हणाला तर त्याचं म्हणणं खरंच असतं. पण ‘हा आहार कोणालाही सहज पाळता येतो, मीच बघा’ असं जो सांगतो, त्याने स्वतः तो सोडून दिला असेल तर ते विचारायलाच हवं, कारण त्याने स्वतःलाच पुरावा म्हणून पुढे केलं आहे.

चूक पाचवी: उत्तर देताना उलट आरोपच नाकारणं

पळवाटीतला आरोप खरा असू शकतो. अमेरिकेने सोव्हिएत राजवटीवर टीका केली की ‘तुमच्याकडे काळ्या लोकांना झुंडी ठार मारतात’ हे सोव्हिएत प्रचारयंत्रणेचं ठरलेलं उत्तर असे. 1931 मध्ये अलाबामात स्कॉट्सबरो खटल्यात नऊ काळ्या मुलांवर खोटा बलात्काराचा आरोप ठेवून आठ जणांना फाशी सुनावली गेली, तेव्हा या प्रचाराला आयतं खाद्य मिळालं. सोव्हिएत छळछावण्यांबद्दल त्यातून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. तरीही आरोप खोटा नव्हता. पुढे डिसेंबर 1952 मध्ये शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात अमेरिकन न्याय विभागाने सर्वोच्च न्यायालयाला लेखी सांगितलं, की हा भेदभाव कम्युनिस्ट प्रचाराला खाद्य पुरवतो. प्रचार म्हणून नाक मुरडण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं.

व्यवहारात याचा क्रम असा ठेवा. उलट आरोप आला की तो नाकारू नका आणि त्याच्या मागेही धावू नका. ‘शेडचा विषय मी लिहून घेतो, आजच्या यादीत शेवटी घेऊ. आधी सांगा, 18,000 बाकी आहेत की नाहीत?’ एवढं बोलून थांबा. समोरच्याचा हेतू काय यावर चकार शब्द काढू नका, नाहीतर वाद हेतूवर जातो आणि हिशोब राहतो. आणि शेडचा विषय खरोखर शेवटी घ्या. तो गाळलात तर पुढच्या सभेत तुमच्या प्रश्नालाच पळवाट म्हटलं जाईल, आणि तेव्हा ते म्हणणं बरोबर असेल.

सवाल तुमचाच असेल तर पत्राची सुरुवात आपली बाकी मान्य करून करा: ‘माझ्याकडे 18,000 बाकी आहेत, ते अमुक तारखेपर्यंत भरतो.’ मग नियम किंवा ठराव क्रमांक, मग तुलनेचं उदाहरण, आणि शेवटी नेमकी मागणी: व्याज दोघांना लावा किंवा दोघांना काढा. पहिलं वाक्य गाळून पत्र लिहिलंत, तर बाकी सगळे मुद्दे बरोबर असूनही ते पळवाटीसारखंच वाचलं जाईल.