फोटोतल्या नेटवर्कवरून प्रकल्पाचे दिवस, क्रिटिकल कामं आणि फ्लोट कसा काढावा

प्रकल्पातली कामं बाणांनी आणि वर्तुळांनी दाखवणाऱ्या नेटवर्कचा फोटो आला की बहुतेकजण पहिल्या वर्तुळापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत जाणारे सगळे मार्ग शोधायला लागतात आणि सर्वांत लांब मार्ग म्हणजे उत्तर असं सांगून मोकळे होतात. एकूण दिवस त्यातून निघतीलही, पण कोणत्या कामाला किती सवड, म्हणजेच फ्लोट, आहे हे त्यातून नीट कळत नाही. शिवाय फोटो चुकीचा वाचला असेल तर सर्वांत लांब मार्गही चुकीचाच निघतो. म्हणून आधी फोटो बाजूला ठेवता येईल अशी यादी करा आणि आकडेमोड त्या यादीवर करा.

उदाहरणाला इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या घराचं स्वयंपाकघर घेऊ. घरातल्या सिव्हिल डिप्लोमा करणाऱ्या मुलानं नेटवर्क वहीच्या पानावर काढलं आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काम बाणावर, वर्तुळात क्रमांक, बाणाखाली दिवस, अशी त्याची पद्धत.

यादी

१–२ : जुना ओटा आणि फरशी काढणं, ४ दिवस
१–३ : ओट्याचा दगड निवडून, कापून आणणं, ३ दिवस
२–३ : तुटक रेषेचा बाण, ० दिवस
२–४ : नळाचे आणि विजेचे पाइप भिंतीत बसवणं, ५ दिवस
३–४ : ओटा बांधणं, ८ दिवस
४–५ : भिंतीच्या टाइल्स आणि फरशी, ६ दिवस
१–५ : सुताराकडे कपाटं तयार होणं, १५ दिवस
५–६ : कपाटं बसवणं आणि रंग, ४ दिवस

यातली तिसरी ओळ म्हणजे डमी. दगड आला आणि जुना ओटा निघाला, तरच नवा ओटा बांधता येणार. एवढंच ती सांगते. तिला दिवस लागत नाहीत, मजूर लागत नाहीत. आणि फोटोत सगळ्यात आधी नाहीशी होते ती हीच रेषा. पेन्सिलची तुटक रेषा, वर ट्यूबलाइटची चमक, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. मग तिथे डाग आहे की बाण हे ओळखू येत नाही. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही. तरीही शंका असेल तर काढणाऱ्याला विचारा, अंदाज करू नका. बाणाचं टोकही बघा: डमी ३ कडून २ कडे वाचली तर अर्थच उलटतो. जिच्याजवळ आकडा नाही अशी प्रत्येक रेषा संशयित समजा. ती डमी तरी असते, नाहीतर आकडा फोटोच्या कडेबाहेर राहिलेला असतो.

डमी सुटली तर काय होतं ते आकड्यांनीच बघा. खरं उत्तर २२ दिवस आहे, डमीशिवाय २१ येतं. एकाच दिवसाचा फरक म्हणून कुणाला खटकत नाही. पण तेवढ्यात जुना ओटा काढायला दोन दिवसांची सवड असल्याचं दिसू लागतं आणि दगड आणणं क्रिटिकल, म्हणजे अजिबात सवड नसलेलं, होऊन बसतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. अशा हिशेबावर ठेकेदाराला ‘तोडफोड सावकाश करा’ म्हटलंत, तर सगळंच काम पुढे जाईल.

पुढे जाताना: लवकरात लवकर वेळ

वर्तुळ १ ला शून्य. वर्तुळात एकापेक्षा जास्त बाण शिरत असतील तर मोठी बेरीज घ्या. वर्तुळ २ ला ४. वर्तुळ ३ ला दगडाकडून ३, डमीकडून ४, म्हणून ४. वर्तुळ ४ ला पाइपांकडून ९, ओट्याकडून १२, म्हणून १२. वर्तुळ ५ ला फरशीकडून १८, कपाटांकडून १५, म्हणून १८. वर्तुळ ६ ला २२. हे आकडे दिवस संपल्याचे आहेत: १२ म्हणजे बारावा दिवस संपला, टाइल्स तेराव्या दिवशी सकाळी सुरू.

मागे येताना: उशिरात उशिरा वेळ

लोक अडतात ते इथे. शेवटच्या वर्तुळाला २२ द्या आणि उलटे या. आता वर्तुळातून बाहेर पडणारे बाण बघायचे आणि वजाबाकीतली लहान संख्या घ्यायची. पुढे जाताना मोठी घेण्याची सवय हाताला लागलेली असते, ती इथे जाणून मोडावी लागते.

वर्तुळ ५ ला २२ वजा ४, म्हणजे १८. वर्तुळ ४ ला १२. वर्तुळ ३ ला १२ वजा ८, म्हणजे ४. आता वर्तुळ २. त्यातून पाइपांचा बाण निघतो: १२ वजा ५, म्हणजे ७. ठळक बाण तेवढाच, म्हणून अनेकजण ७ लिहून पुढे जातात. पण डमीही इथूनच निघते: ४ वजा ०, म्हणजे ४. लहान संख्या ४, तीच लिहायची. वर्तुळ १ ला तीन बाणांकडून ०, १ आणि ३ मिळतात, म्हणून ०.

वर्तुळ १ ला शून्य आलंच पाहिजे. वर्तुळ २ ला ७ लिहिलं असतं तर इथे १ आलं असतं, आणि मागे येताना कुठेतरी बाण सुटल्याचं तिथेच कळलं असतं. मात्र या तपासणीवर फार विसंबू नका. डमी यादीतच आली नसेल, म्हणजे दोन्ही वेळा सुटली असेल, तर शून्य बिनबोभाट येतं. ती चूक फोटोजवळच पकडावी लागते.

फ्लोट

कामाच्या टोकाच्या वर्तुळाची उशिराची वेळ, त्यातून सुरुवातीच्या वर्तुळाची लवकरची वेळ वजा, त्यातून कामाचे दिवस वजा. पाइपांसाठी १२ वजा ४ वजा ५, फ्लोट ३. कपाटांना ३, दगडाला १. बाकी सगळ्यांना शून्य, डमीलाही. क्रिटिकल मार्ग १–२–३–४–५–६.

‘दोन्ही वर्तुळांच्या दोन्ही वेळा सारख्या, म्हणजे मधलं काम क्रिटिकल’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. वर्तुळ २ ला ४ आणि ४, वर्तुळ ४ ला १२ आणि १२. तरी त्यांच्यामधल्या पाइपांना तीन दिवसांची सवड आहे. फ्लोट कामाचा असतो, तो प्रत्येक कामासाठी वेगळा काढा.

पाइपवाला दोन दिवस आला नाही तर बिघडत नाही, तोडफोड एक दिवस लांबली तर २३ दिवस होतात. घाई असेल तर पैसे ओट्यावर घाला, पण हिशेबाने. ओटा आठऐवजी पाच दिवसांत झाला तर सगळं काम १९ दिवसांत आटोपतं. त्या क्षणी पाइप आणि कपाटं दोन्ही क्रिटिकल होतात, त्यामुळे ओटा चार दिवसांत उरकायला जादा मजूर लावलेत तरी १९ चे १८ होत नाहीत.