मेलचं भेंडोळं साहेबांकडे जाण्याआधी

लांबलेल्या मेलवरून साहेबांसाठी टिपणी करायची असेल तर आधी मेलची पूर्ण साखळी वाचा, मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर वाचा. एवढं सगळ्यांना कळतं. मुख्य सांगायचं आहे ते वेगळं, आणि ते खाली पुन्हा पुन्हा येईल: मेलमध्ये ‘ओके’ दिसला की तो कोणत्या आकड्याला दिलाय ते बघा. कोणी दिला हे सगळेच बघतात, कशाला दिला हे सुटतं.

उदाहरण घेऊनच बोलू. समजा चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आहे आणि बायर जर्मनीचा. ७० बाय १४० सेंटिमीटरचा बाथ टॉवेल, ५०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम, ४०,००० नग. ऑर्डर पक्की झाल्यावर बायरला टॉवेल जाड हवा झाला. मग मार्केटिंग, प्रॉडक्शन, अकाउंट्स, सूत दलाल आणि मधेच कुठेतरी विणाईचे मास्तर, अशी तीसेक मेलची साखळी तयार झाली. निम्मे मेल फॉरवर्ड. साहेबांना द्यायची आहे एक टिपणी, फोनच्या पहिल्या स्क्रीनवर प्रश्न दिसेल अशी.

आधी सगळे तुकडे गोळा करा. विषयाची ओळ कोणी बदलली की जीमेल तिथून नवी साखळी सुरू करतं, आणि शंभर मेल ओलांडले तरी तोडतं. म्हणून विषयावरून शोधू नका, पीओ नंबरावरून शोधा. नंतर अटॅचमेंट. रिप्लाय केला की जोडलेली फाइल पुढे जात नाही, म्हणून पंधराव्या मेलमध्ये ‘सोबतच्या कॉस्टिंगप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं आणि सोबत काहीच नसतं. फाइल जिथे पहिल्यांदा जोडली त्या मेलपर्यंत मागे जा. कॉस्टिंगच्या दोन फाइली सापडल्या तर नंतरची कोणती हे नावावरून ठरवू नका. ‘फायनल’ नावाच्या फाइलनंतर ‘फायनल २’ येतेच आपल्याकडे.

वेळांवर भरवसा ठेवू नका. उत्तराखाली जुन्या मेलची जी वेळ छापून येते ती बहुधा उत्तर देणाऱ्याच्या घड्याळाची असते. जर्मनी आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. त्यांच्या उत्तराखाली सकाळचे ११:२० दिसले तर इथे दुपारचे तीन वाजून गेलेले असू शकतात. एकाच दिवसात चार मेल झाले असतील तर क्रम हमखास उलटतो आणि क्रम उलटला की ‘ओके’ चुकीच्या आकड्याला जाऊन चिकटतो.

आता तेच. प्रॉडक्शनने कॉस्टिंग दिलं: ५२५ जीएसएमला नगामागे साडेदहा रुपये जास्त, ५५०ला एकवीस. बायर म्हणाला, ५२५ करा, २० सेंट वाढवून देतो. युरो ९५ रुपये धरला तर १९ रुपये. अकाउंट्सनी लिहिलं, ‘ओके, चालेल.’ त्यानंतर बायरचा मेल आला की आमच्या टीमला ५५० हवं, दर ठरल्याप्रमाणे २० सेंट. मार्केटिंगने तो मेल जुन्या साखळीसकट पुढे ढकलला आणि वर एक ओळ टाकली, ‘अकाउंट्सचा ओके आहे.’ खाली बघितलं तर ओके खरंच आहे! पण तो ५२५चा. ५५०ला २० सेंट घेतले तर नगामागे दोन रुपये खिशातून जातात, ४०,००० नगांवर ८०,००० रुपये. साहेब ‘अकाउंट्सची मान्यता’ एवढंच वाचून सही करतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

तपासायची पद्धत सोपी आहे. ‘ओके’चा मेल उघडा आणि त्याच्या लगेच खाली कोणता मजकूर आहे तो वाचा. खालचं कोणी कापून टाकलं असेल तर मेलच्या तीन टिंबांत Show original दाबा. तिथे In-Reply-To समोर जो लांबलचक क्रमांक असतो, तोच ज्या मेलच्या Message-ID समोर सापडेल, त्या मेलला तो ओके आहे. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ मेलची ही माहिती उरत नाही, शिवाय मजकूर मधे कोणीही बदलू शकतं. अशा वेळी मूळ मेल ज्याच्याकडे आहे त्याला Forward as attachment करायला सांगा. कटकट वाटेल त्याला. वाटू दे.

एवढं करूनही शंका उरली तर अकाउंट्सना एका ओळीत विचारा: ‘तुमचा ओके ५२५ला २० सेंट यालाच आहे ना? ५५०ला आहे का?’ दोन्ही आकडे प्रश्नात घाला. ‘तुमचा ओके आहे ना?’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ येईल आणि आपण होतो तिथेच.

‘फोनवर बोलणं झालंय, ठरलंय’ असा मेल असेल तर तो निर्णय धरू नका. बोलणाऱ्याकडून काय ठरलं ते आकड्यासकट मेलवर घ्या. मास्तर मेल लिहीत बसणार नाहीत, त्यांचं म्हणणं तुम्ही लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.

आकडे स्वतः एकदा करून बघा. ०.७ गुणिले १.४ म्हणजे ०.९८ चौरस मीटर. ५००ला ४९० ग्रॅम, ५५०ला ५३९. फरक ४९ ग्रॅम, ४०,००० नगांना १,९६० किलो. हे तयार टॉवेलचं वजन झालं. ब्लीच आणि डाइंगमध्ये वजन घटतं, त्यामुळे सूत याहून जास्त लागणार. १,९६० हा आकडा सूत बुकिंगचा म्हणून टिपणीत घालू नका, तो प्रॉडक्शनकडूनच घ्या.

मग टिपणी. पहिल्या ओळीत प्रश्न, इतिहास नाही:

‘निर्णय हवा, गुरुवार दुपारी ४ पर्यंत (सुताचा दर तोपर्यंतच आहे): बायरला ५५० जीएसएम २० सेंटमध्ये हवं आहे. त्यात नगामागे सुमारे २ रुपये तोटा, एकूण ८०,०००. पर्याय: (अ) ५५०ला २५ सेंट मागणे, एकूण सुमारे १.१ लाख फायदा; (ब) ५२५ला २० सेंट यावरच थांबणे, सुमारे ३.४ लाख फायदा. युरो ९५ धरला आहे. अकाउंट्सची मान्यता फक्त (ब)ला, ५५०वर त्यांचं मत अजून आलेलं नाही. मार्केटिंगची शिफारस (अ).’

मान्यतेच्या वाक्यात ‘फक्त (ब)ला’ हे शब्द आहेत ते बघा. मान्यता लिहिली की कशाला ते त्याच वाक्यात, पुढच्या वाक्यात नको. दराची मुदत आणि धरलेला युरो या दोन गोष्टी वगळल्या तर साहेबांचा उलट फोन ठरलेला. कोण काय कधी म्हणालं हे सगळं काढून टाका. त्यांना हवं असेल तर मागतील.

पाठवताना साखळी खाली जोडू नका, नवा मेल करा, कॉस्टिंगची खरी फाइल लावा, ज्यांची नावं टिपणीत आहेत त्यांना सीसी करा. पाठवण्याआधी इनबॉक्स एकदा ताजा करून बघा, बायरचा नवीन मेल आला असेल तर आकडे पुन्हा. आणि ओके पुन्हा.