मेसेज अर्धवट वाचला जातोय? या चुका टाळा

संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी माहिती गोळा करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. दरवर्षी मी सगळ्या विभागप्रमुखांना एक सविस्तर मेसेज पाठवायचो आणि दरवर्षी तेच घडायचं. ग्रुपवर भराभर अंगठे यायचे, माहिती मात्र दोघातिघांचीच यायची. मग शेवटच्या दिवशी फोन सुरू व्हायचे, "कधीपर्यंत द्यायचं होतं?" तारीख मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेली असायची. लोक निष्काळजी आहेत असं मला वाटायचं. एकदा जुना मेसेज शांतपणे वाचला तेव्हा चूक कुठे आहे ते कळलं. तो मेसेज असा होता:

"सर्वांना सप्रेम नमस्कार. आपणा सर्वांना माहीतच आहे की दरवर्षीप्रमाणे यंदाही आपण वार्षिक अहवाल काढत आहोत. गेल्या वर्षी माहिती वेळेत न आल्यामुळे छपाईला उशीर झाला होता आणि त्यामुळे बऱ्याच जणांना त्रास सहन करावा लागला, हे आपल्या स्मरणात असेलच. तसे यंदा होऊ नये या दृष्टीने आपण सर्वांनी सहकार्य करावे अशी नम्र विनंती आहे. आपापल्या विभागाने वर्षभरात केलेल्या कामांची थोडक्यात माहिती आणि शक्य असल्यास दोन-तीन चांगले फोटो पाठवावेत. फोटो शक्यतो स्पष्ट असावेत. माहिती साधारण एक पानाची असावी. ही सर्व माहिती शुक्रवार, १२ तारखेपर्यंत मिळाल्यास पुढील कामाला गती देता येईल. तसेच मुखपृष्ठाबाबत काही सूचना असतील तर त्याही अवश्य कळवाव्यात. काही अडचण असल्यास निःसंकोचपणे संपर्क साधावा. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ धन्यवाद."

शब्द मोजले तर १०५ भरतात. वाचायला अर्धा मिनिटही पुरतं. म्हणजे वेळ नव्हता म्हणून कुणी वाचलं नाही, असं नाही. लांबी वाचण्याआधीच डोळ्यांना दिसते. पडदाभर मजकूर दिसला की माणूस "नंतर निवांत वाचतो" म्हणतो, पोचपावती म्हणून अंगठा देतो आणि खाली येणारे नवे मेसेज त्याला वर ढकलत नेतात.

यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. टॉड रॉजर्स आणि जेसिका लास्की-फिंक या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे ७,००० शाळा-मंडळ सदस्यांना सर्वेक्षण भरण्याची विनंती करणारा ईमेल पाठवला. काहींना १२७ शब्दांचा, काहींना ४९ शब्दांचा. लांब ईमेलला २.७ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, छोट्याला ४.८ टक्के. विनंती तीच होती आणि १२७ शब्द म्हणजे काही फार नव्हेत. मराठीत तर विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, "अहवालासाठी" या एका शब्दाला इंग्रजीत तीन लागतात. त्यामुळे आपल्या शब्दांची मर्यादा आणखी खाली धरावी लागते. काहीतरी करायला सांगणारा मेसेज मी ४०-५० शब्दांच्या आत ठेवतो. ६० ओलांडले की मी थांबतो आणि पुन्हा बघतो. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नाही.

चूक पहिली: मागणी मधोमध पुरणं

वरच्या मेसेजमध्ये पहिले ५१ शब्द संपेपर्यंत समोरच्याने काय करायचं ते आलेलंच नाही. तारीख यायला आणखी पंचवीसेक शब्द लागतात. फोनवर सूचना येते तेव्हा मेसेजच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि माझ्या त्या ओळींमध्ये नमस्कार आणि "आपणा सर्वांना माहीतच आहे" एवढंच होतं. जे माहीतच आहे ते वाचायला कोण मेसेज उघडणार?

मराठीत याला आणखी एक पदर आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "आपापल्या विभागाने वर्षभरात केलेल्या कामांची थोडक्यात माहिती आणि शक्य असल्यास दोन-तीन चांगले फोटो" इथपर्यंत वाचूनही काय करायचं ते कळत नाही, "पाठवावेत" सगळ्यात शेवटी येतं. वरवर नजर फिरवणारा माणूस ओळीची सुरुवात बघतो आणि खाली सरकतो, त्यामुळे ते क्रियापद त्याच्या नजरेतूनच निसटतं. उपाय सोपा आहे: मागणीचं वाक्य पहिलं घ्या आणि ते आखूड ठेवा, म्हणजे क्रियापद लवकर येईल. बाकीचा तपशील त्याच वाक्यात न कोंबता त्याच्याखाली लिहा.

चूक दुसरी: लांबी म्हणजे आदर समजणं

ही चूक सोडायला मला सगळ्यात जड गेलं. छोटा मेसेज तुटक वाटेल, वरिष्ठांना उद्धट वाटेल, अशी भीती असते. म्हणून आपण "नम्र विनंती", "सहकार्याबद्दल आगाऊ धन्यवाद", "निःसंकोचपणे संपर्क साधावा" अशी वाक्यं रचत जातो. पण मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातच असतो. "पाठव", "पाठवा", "पाठवावी", "पाठवाल का?" यांतला फरक प्रत्येकाला जाणवतो आणि त्यासाठी फार तर एक शब्द जास्त लागतो. "शुक्रवारपर्यंत पाठवाल का?" यात कुणालाही उद्धटपणा दिसणार नाही.

कार्यालयीन भाषेचंही तसंच. "बैठक आयोजित करण्यात आलेली आहे" म्हणजे "बैठक आहे". "माहिती सादर करण्यात यावी" म्हणजे "माहिती द्यावी". "त्या दृष्टीने", "या संदर्भात", "या अनुषंगाने" हे शब्द काढून वाक्य पुन्हा वाचा, बहुतेक वेळा अर्थ तसूभरही हलत नाही. नमस्कार मात्र मी ठेवतो. एका शब्दाने लांबी वाढत नाही.

चूक तिसरी: एका मेसेजमध्ये दोन मागण्या

शेवटी शेवटी मी मुखपृष्ठाबद्दल सूचना मागितल्या होत्या. गंमत म्हणजे उत्तरं आली ती त्याच विषयावर, कारण रंगाबद्दल मत द्यायला काही शोधावं लागत नाही. दोन कामं सांगितली की माणूस सोपं काम करतो आणि आपण उत्तर दिलं या समाधानात अवघड काम विसरतो. मुखपृष्ठाचा प्रश्न माहिती जमा झाल्यावर वेगळा विचारायला हवा होता.

छाटलेला मेसेज

"नमस्कार. वार्षिक अहवालासाठी प्रत्येक विभागप्रमुखाने शुक्रवार, १२ तारखेपर्यंत मला दोन गोष्टी मेल कराव्यात:
१. वर्षभरातल्या कामाची माहिती, एक पान
२. तीन फोटो, मूळ फाइल
शनिवारी सकाळी मजकूर छपाईला जातो; नंतर आलेली माहिती घेता येणार नाही."

हे ३३ शब्द आहेत. गेल्या वर्षीचं रडगाणं गेलं, कारण ते माझ्या मनातल्या रागासाठी होतं, वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. त्याच्या जागी उशिरा माहिती दिली तर काय होईल ते आलं. "आपण सर्वांनी"च्या जागी "प्रत्येक विभागप्रमुखाने" आलं, कारण सर्वांचं काम कुणाचंच नसतं. "शक्य असल्यास दोन-तीन चांगले, शक्यतो स्पष्ट" याचं "तीन फोटो, मूळ फाइल" झालं. हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रुपवर टाकलेला फोटो ॲप लहान करतं आणि छपाईत तो फुटतो. मला खरं तर तेच सांगायचं होतं, पण नेमका शब्द न सापडल्यामुळे मी चार मोघम शब्द वापरले होते. लांबी पुष्कळदा अशीच वाढते.

छाटताना मी एकच प्रश्न विचारतो: हे वाक्य काढलं तर समोरचा चुकीचं काहीतरी करेल का? "एक पान" काढलं तर कुणीतरी दहा पानं पाठवेल, म्हणून ते राहतं. "धन्यवाद" काढलं तर काहीच बिघडत नाही, आणि माहिती मिळाल्यावर वेगळे आभार मानले तर ते जास्त मनापासून पोचतात.

चूक चौथी: छाटण्याऐवजी तुकडे करणं

तोच मजकूर पाच मेसेजमध्ये विभागून पाठवला तर तो छोटा होत नाही. समोरच्याचा फोन पाच वेळा वाजतो, मध्येच कुणीतरी "ओके" म्हणतं आणि तारीख एकीकडे, मागणी दुसरीकडे अशी फाटाफूट होते. मागणी, तारीख आणि कुणी करायचं, हे एकाच मेसेजमध्ये हवं. नमुना किंवा सविस्तर सूचना लागणार असतील तर त्यांची फाइल जोडावी.

साध्या एसएमएसला हा मुद्दा जास्तच लागू होतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत मात्र ७०, आणि त्यात काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "नमस्कार" आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत सात जागा खातो. मर्यादा ओलांडली की एसएमएसचे भाग पडतात आणि जोडणीची माहितीही त्यात जात असल्यामुळे प्रत्येक भागात ६७च जागा उरतात. एसएमएस लिहिताना मी तारीख आणि क्रियापद पहिल्या ७० जागांतच बसवतो.

उत्तरांवरून दुखणं ओळखा

मेसेज लांब झाला की आखूड, हे आलेल्या प्रतिसादावरून बरंच कळतं. नुसते अंगठे येत असतील आणि काम होत नसेल तर मागणी दिसलेली नाही किंवा ती नेमकी कुणाला आहे ते कळलेलं नाही. लिहिलेलीच गोष्ट लोक पुन्हा विचारत असतील तर ती मजकुरात दबली आहे. ती वर आणा आणि आजूबाजूचं काढा. न लिहिलेली गोष्ट तिघंचौघं विचारत असतील तर तुम्ही जास्त छाटलंय. "शुक्रवारपर्यंत माहिती द्या" हा मेसेज तीन शब्दांचा आहे, पण त्यानंतर कसली माहिती, किती, कुठे पाठवायची याचे वीस मेसेज येतात, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला तेही वाचावे लागतात.

काही मजकूर छाटूच नये. कुणाची निवड झाली नाही, कुणाचं काम परत करायचंय, असा मेसेज तीन ओळींत आटोपला तर तो वाचणाऱ्याला लागतो. तिथे कारणं सांगायला जागा घ्यावी, किंवा सरळ फोन करावा.

आठवणीचा मेसेज पाठवताना जुना मेसेज जसाच्या तसा पुन्हा पाठवू नका. न वाचलेला मजकूर दुसऱ्यांदाही वाचला जात नाही. ज्यांची माहिती आलेली नाही, त्यांनाच वेगळा मेसेज करा: "तुमच्या विभागाचं एक पान आणि तीन फोटो यायचे आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवाल का?" शब्द तेराच आहेत, आणि आता मेसेज सर्वांना नाही, एकाच माणसाला आहे.