मोहितो कडू का होतो: पुदिना, लिंबू, साखर आणि रम

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाच्या ट्रेनिंगला मी गोव्यातल्या एका बारमध्ये होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातचे दोन मोहितो एकाच टेबलावरून परत आले. कडू लागतंय, एवढाच निरोप होता. मी दोन्ही ग्लासांत साखरेचा पाक वाढवून ते पुन्हा पाठवले, आणि ते पुन्हा परत आले. त्या रात्री कळलं की आंबटपणा साखरेने झाकता येतो, कडूपणा पूर्णपणे नाही. आंबट चव साखर पडली की लगेच मवाळ होते. कडू चव घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागात रेंगाळते, आणि वर गोडही लागत राहतं. गिऱ्हाईक कधीकधी आंबटालाही कडू म्हणतं, त्यामुळे आधी स्वतः चाखून दोन्हींतलं नेमकं काय आहे ते ठरवायचं.

आमचे मुख्य बारटेंडर मालवणचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. बार बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडून रम न घालता तीन ग्लास करून घेतले. पहिल्यात पुदिन्याची दहा पानं, साखर आणि पाणी घालून मी नेहमीसारखं मडलरने, म्हणजे ग्लासात पानं-फोडी दाबायच्या दांड्याने, वीसेक वेळा कुटलं. दुसऱ्यात पुदिना नाही, फक्त सालासकट लिंबाच्या फोडी, त्याही तितक्याच जोरात कुटलेल्या. तिसऱ्यात गाळलेला लिंबाचा रस, त्यात विरघळलेली साखर आणि चार-पाच वेळा नुसता दाबलेला पुदिना. तिन्हींत पाणी सारखंच.

पहिल्या ग्लासाला कापलेल्या गवताचा वास होता आणि प्यायल्यावर तोंड कोरडं पडलं. दुसऱ्याचा वास सुंदर, पण दोन घोटांनंतर कडवट चव जिभेवर चिकटून बसली. तिसरा स्वच्छ होता. माझ्या मोहितोत पहिले दोन्ही दोष एकत्र होते. नव्याने बारमागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे तीन ग्लास एकदा करून प्यावेत, कारण एकदा चव ओळखली की चूक कुठे झाली ते पहिल्या घोटालाच कळतं.

पुदिन्याचं सुवासिक तेल पानाच्या आत खोल नसतं. ते पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं आणि हलक्या दाबानेही त्या फुटतात. पान फाटलं की मात्र आतला हिरवा रस बाहेर येतो, आणि गवताचा वास, तुरटपणा, कडूपणा, काळपट रंग हे सगळं त्यातून येतं. चटणीसाठी पुदिना वाटायची आपल्या हाताला सवय असते, म्हणून हात आपोआप जोर लावतो. अण्णा म्हणाले, "पाल्याक कुटू नको गो, नुसता दाब." मडलर पानांवर टेकवायचा, हलका दाब देत थोडासा फिरवायचा आणि उचलायचा, असं चार ते सहा वेळा. नंतर ग्लासात नाक घालून बघायचं. ताजा, थंड वास आला की थांबायचं. पानं अख्खी राहिली पाहिजेत, फक्त थोडी मऊ आणि गडद झालेली. पाण्यात हिरवे कण तरंगताना दिसले तर दाब जास्त झाला. तो ग्लास सुधारत नाही, नवा करावा लागतो.

मडलर सपाट बुडाचा घ्या. खाली दाते असलेला मडलर पानं फाडतो. लाकडी असेल तर बिनपॉलिशचा घ्या, नाहीतर लिंबाच्या आम्लाने पॉलिश सुटून पेयात येतं. घरी लाटण्याचं सपाट टोक चालतं. जुडीतले कोवळे शेंडे वापरा, काळे डाग पडलेली पानं काढून टाका. क्यूबात मोहितोला जो पुदिना लागतो त्याला येर्बाबुएना म्हणतात, आणि त्याचा वास मवाळ, गोडसर असतो. आपल्या बाजारातला चटणीचा पुदिना त्याच्या बराच जवळचा आहे. पेपरमिंटच्या गोळीसारखा झणझणीत वास येणारा पुदिना रमला दाबून टाकतो.

लिंबाचं म्हणाल तर बहुतेक गोंधळ काइपिरीन्यामुळे होतो. त्या ब्राझीलच्या पेयात लिंबाच्या फोडी साखरेबरोबर ग्लासातच दाबतात, आणि तिथेही फोडीतला मधला पांढरा भाग आधी काढून टाकतात. मोहितोला फोडी चेचायची गरज नाही. सालीच्या आतला पांढरा थर आणि बिया कडू असतात, आणि आपल्या कागदी लिंबात बिया भरपूर. म्हणून लिंबू हाताने किंवा दाबयंत्राने बेताने पिळायचं, शेवटचा थेंब काढायच्या मागे लागायचं नाही, आणि रस गाळून घ्यायचा. सालीचा वास हवाच असेल तर हिरव्या सालीची पातळ चकती वरून पिळून ग्लासात सोडा. रस त्याच दिवशी काढलेला हवा.

साखरेने पुदिना बिघडतो हे मला फार उशिरा कळलं. आपली नेहमीची साखर मोठ्या दाण्याची असते. ती कोरडीच पानांबरोबर दाबली की दाणे पॉलिश पेपरसारखे पानं ओरबाडतात. शिवाय साखर दारूत नीट विरघळत नाही, त्यामुळे रम ओतल्यावर ती तळाशीच राहते आणि वरचा घोट आंबट, शेवटचा पाकासारखा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी 20 मिली रस आणि दोन चहाचे चमचे साखर, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची. मग पुदिना आणि हलका दाब. मग 45 मिली रम, म्हणजे दीड छोटा पेग, मग बर्फ आणि वरून थोडा सोडा. शेवटी लांब चमच्याने तळापासून एकदाच वर ढवळायचं. गर्दीच्या वेळी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक बरा, साधारण 20 मिली. मिक्सरमध्ये साखर बारीक करून घेतली तरी चालते. विकतच्या पिठीसाखरेत कधी कॉर्नस्टार्च असतो, त्याने पेय गढूळ दिसतं. गूळ मला आवडतो, पण इथे नको, त्याची चव आणि रंग पुदिन्यावर चढतो. आणि सोडा म्हणजे सोडाच. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, ते मुळातच कडू. गडबडीत चुकीची बाटली उचलली गेली की बाकी सगळं नीट करूनही ग्लास परत येतो.

रम पांढरी, हलकी हवी. क्यूबन पद्धतीत बरीच पांढरी रम लाकडी पिंपात थोडी मुरवून कोळशातून गाळतात, त्यामुळे रंग जातो आणि चव मऊ राहते. बाटली निवडायची तर थोडी रम तितक्याच पाण्यात मिसळून वास घ्या. उसाचा, थोडा फळांचा गोडसर वास आला तर ठीक, नुसता स्पिरिटचा झणका आला तर तो मोहितोतही लपणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या 42.8 टक्क्यांच्या असतात, म्हणून बर्फ ग्लासभर घाला.

ओल्ड मंकमध्ये मोहितो करून द्या, असं सांगणारे लोक गोव्यात रोज भेटायचे. करून द्यायला हरकत नाही, पण काळ्या रमला कॅरमेल आणि व्हॅनिलाची चव असते, ती आधीच गोडसर लागते आणि पुदिना मागे पडतो. तेव्हा मी साखर एक चमचाच घालायचे, रस थोडा वाढवायचे आणि पुदिन्याचा एक शेंडा तळहातांमध्ये टाळी वाजवल्यासारखा आपटून वर खोवायचे, म्हणजे घोट घेताना वास सरळ नाकात जातो. ग्लास ट्रेवर जाण्याआधी अण्णा स्ट्रॉच्या टोकावर बोट ठेवून दोन थेंब काढून चाखायचे, प्रत्येक ग्लासाचे. मीही तेच करते, आणि प्रत्येक वेळी नवी स्ट्रॉ घेते.